ससा झोपलाच नाही तर?

‘सावकाश पण सातत्याने चालणारा जिंकतो’ यावर कथा लिहा म्हटलं, की निम्मा वर्ग कासव काढतो. दोष मुलांचा नाही, पण इसापाच्या त्या गोष्टीत एक अडचण आहे. कासव जिंकतं ते ससा झोपतो म्हणून. ससा जागा राहिला असता तर कासवाचं सातत्य काय कामाचं? म्हणून कथा अशा कामाची निवडावी, जिथे घाईनेच काम बिघडतं.

कुंभाराचं काम तसं आहे. समजा, दोघे भाऊ पाडव्याच्या आधीच्या बाजारासाठी माठ घडवताहेत. थोरल्याचा हात चाकावर झरझर चालतो. ओले माठ तो सरळ उन्हात मांडतो. धाकटा आपले माठ सावलीत ठेवतो, काठावर ओलं फडकं टाकतो, रोज सकाळी एकेक फिरवून बघतो. कारण साधं आहे. माती वाळताना आक्रसते. उन्हात पातळ काठ आधी वाळतो आणि जाड बूड ओलंच राहतं. दोन्ही सारखे आक्रसत नाहीत, मग तडा जातो. वरून कोरडा दिसणारा माठ आत ओला असेल तर भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि माठ फुटतो. धाकटा माठ गालाला लावून बघतो. गार लागला, तर अजून ओल आहे.

एवढं कळलं की प्रसंग आपोआप सुचतात. थोरल्याला मात्र मूर्ख करू नका. त्याला बाजार गाठायचाय, घरात पैसे हवेत, घाईला कारण आहे. धाकट्यालाही किंमत मोजू द्या: पहिला बाजार हुकतो, आई कुरकुरते, थोरला टोमणे मारतो. ही किंमत नसली तर जिंकणं फुकटचं वाटतं. आणि धाकटा नुसता थांबलेला नको. तो रोज काहीतरी करताना दिसला पाहिजे, नाहीतर सावकाश आणि आळशी यांतला फरक वाचणाऱ्याला दिसणार नाही.

मुलं चुकतात ती बहुधा शेवटाकडे. दोन पानं बाजारहाटाची, आणि भट्टी एका वाक्यात: ‘थोरल्याचे माठ फुटले, त्याला चूक कळली.’ खरं तर जागा तिथे द्यायची. उदाहरणार्थ:

‘भट्टीतून धप्प आवाज आला. मग आणखी एक. थोरला उठला आणि पुन्हा बसला. धाकटा म्हणाला, “दादा, आता उघडू नकोस. गार वारं लागलं तर उरलेलेही तडकतील.”’

इथे थोरल्याला पहिल्यांदा थांबावं लागतं. त्याच्या तोंडी पश्चात्तापाचं भाषण घालायची गरज उरत नाही. प्रश्नात तात्पर्य मागितलं असेल तर ते कथेखाली एका ओळीत वेगळं लिहावं. धाकट्याकडून वदवून घेऊ नये.