गोलरक्षक किती फटके अडवेल?

ब्रिटनमधले बुकी हल्ली सामना कोण जिंकणार एवढ्यावरच भाव काढत नाहीत. गोलरक्षक किती फटके अडवेल यावरही काढतात. रेषा बहुधा अर्ध्यावर ठेवलेली असते, समजा साडेतीन. चार किंवा जास्त अडवले तर 'वर' म्हणणारा जिंकला, तीन किंवा कमी अडवले तर 'खाली' म्हणणारा. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना २०२५च्या कायद्याने बंदी आहे, पण हा भाव ठरतो कसा हे पाहताना फुटबॉलच वेगळा दिसू लागतो.

गोलरक्षकाने गेल्या दहा सामन्यांत किती फटके अडवले त्याची सरासरी काढायची, हा मोह सगळ्यांना होतो. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. अडवायला आधी फटका यावा लागतो, आणि तो किती वेळा येईल हे गोलरक्षकाच्या हातात फारसं नसतं. म्हणून हिशेब दोन भागांत करायचा: लक्ष्यावर किती फटके येतील, आणि त्यांतले किती आत जातील. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतात ते अडवलेले. खांबाला लागून बाहेर गेलेला किंवा वाटेत बचावपटूंच्या गर्दीत अडलेला फटका लक्ष्यावरचा धरत नाहीत.

आत किती जातील याचा अंदाज 'अपेक्षित गोल' या मापावरून येतो. प्रत्येक संधीला जागा, कोन, पायाने की डोक्याने अशा गोष्टी पाहून गोलाची शक्यता देतात. पेनल्टीला पाऊण गोलाहून थोडं जास्त मिळतं, तर पंचवीस मीटरवरून मारलेल्या फटक्याला जेमतेम दोन-तीन शतांश. संघाविरुद्धच्या सगळ्या संधींची बेरीज म्हणजे त्याने स्वीकारायचे अपेक्षित गोल.

पण ही बेरीज सारखी असूनही अडवलेल्या फटक्यांचा आकडा पार बदलू शकतो, कारण संघाची शैली. एक संघ आपल्या पेनल्टी क्षेत्रापुढे दाटीवाटीने उभा राहतो. समोरचे लांबून मारत राहतात, बरेच फटके अंगावर अडतात आणि जे पोहोचतात ते गोलरक्षकाला दिसतात, झेलता येतात. दुसरा संघ बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे नेतो. त्याच्याविरुद्ध फटके कमी येतात, पण पाठीमागे सुटलेला आघाडीचा खेळाडू गोलरक्षकासमोर एकटाच उभा ठाकतो.

आकड्यांत पाहू. समजा लीगमध्ये एका संघाचे सामन्याला सरासरी ४.५ फटके लक्ष्यावर जातात आणि प्रतिस्पर्धी ५ मारतो. दाटीवाटीचा संघ एरवी असे ४.९ फटके झेलतो. ४.९ ला ५ ने गुणून ४.५ ने भागलं की या सामन्यासाठी सुमारे ५.४ येतात. अपेक्षित गोल १.५ वजा केले की उरतात ३.९. पुढे सरकणारा संघ एरवी ३.३ झेलतो. त्याच गणिताने ३.७ येतात आणि तेच १.५ गोल वजा करून उरतात २.२.

सरासरीवरून शक्यता काढायला पॉयसन वितरण वापरतात. सरासरी ३.९ असेल तर चार किंवा जास्त अडवण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के निघते आणि रास्त भाव १.८३. सरासरी २.२ असेल तर शक्यता १८ टक्के आणि भाव ५.५. दोन्ही संघांचे अपेक्षित गोल सारखेच होते, हे विसरू नका. बुकी यातून आपला नफा कापतो, म्हणून प्रत्यक्षात मिळणारा भाव रास्त भावाहून कमी असतो.

गणित फसतं ते सामन्याचा रंग बदलल्यावर. २ डिसेंबर २०१७ रोजी आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडने पहिल्या अकरा मिनिटांत दोन गोल केले आणि मग मागे सरून बचाव धरला. आर्सेनलने ३३ फटके मारले, त्यांतले १५ लक्ष्यावर. डेव्हिड दे हेआने १४ अडवले आणि प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली. युनायटेड ३-१ ने जिंकलं. ७४व्या मिनिटाला पॉल पोग्बाला लाल कार्ड मिळाल्यावर शेवटचा भाग तर दहा जणांनी काढला. दोन लवकर झालेले गोल आणि एक लाल कार्ड कुठल्याही सरासरीत आधी मावत नाहीत, आणि पॉयसन मात्र प्रत्येक मिनिट सारखं धरतो.

हा दोष जुन्या आकड्यांतच पकडता येतो. पॉयसनमध्ये सरासरी आणि विचरण, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचं माप, समान असतात. संघाच्या सामन्यांत विचरण सरासरीहून बरंच मोठं निघालं, तर सात-आठ फटके अडवण्याचे दिवस पॉयसन सांगतो त्याहून जास्त वेळा येतात. तेव्हा पसारा वेगळा धरणारं ऋण द्विपद वितरण घ्यावं लागतं, नाहीतर साडेसहाच्या वरच्या रेषांचे भाव पहिल्यांदा चुकतात.