हवेत उमलणारी निळाई

कच्छमधल्या भुजजवळच्या अजरखपूरमध्ये नीळ चढवण्याचे काम चालते ते जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मोठ्या पिंपांमध्ये. २००१ च्या भूकंपानंतर धामडका सोडून आलेल्या खत्री कुटुंबांनी हे गाव वसवले. इथला रंगारी पिंपावरचे झाकण काढतो, तेव्हा आत निळे पाणी दिसत नाही. वर तांबूस-जांभळी, धातूसारखी चमकणारी साय असते. ती बाजूला सारली, की खाली पिवळसर हिरवे पाणी लागते. त्या पाण्यातून काढलेले कापडही आधी हिरवेच असते. उघड्यावर धरताच कडांपासून ते निळे होऊ लागते आणि थोड्याच वेळात सगळा हिरवा जातो.

असे का होते, हे समजायला निळीचा स्वभाव पाहावा लागतो. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिची पूड पाण्यात कितीही घोटली तरी ती तळाशी बसते किंवा कापडावर नुसती वरून चिकटते आणि हात लावताच निघते. ती धाग्यात शिरायची, तर आधी तिला विरघळणारे रूप द्यावे लागते. त्यासाठी चुना घालून पाणी अल्कधर्मी करतात, गूळ घालतात, टाकळ्याच्या बिया शिजवून घालतात आणि पिंप झाकून आंबू देतात. गुळावर वाढणारे जिवाणू निळीच्या रेणूला हायड्रोजन देतात, म्हणजे तिचे क्षपण करतात. असे झाले की ती चुन्याच्या पाण्यात विरघळते आणि तिचा निळा रंगही जातो. पाणी पिवळट होते. कापड या पिवळ्या द्रावणात भिजते, धागा ते पितो. बाहेर आल्यावर हवेतला ऑक्सिजन तो हायड्रोजन काढून घेतो आणि न विरघळणारी निळी नीळ परत तयार होते, पण आता धाग्याच्या आत. दिसणारा हिरवा म्हणजे अर्धवट झालेले काम: पिवळ्यावर निळा चढू लागला, की डोळ्याला हिरवा दिसतो.

म्हणून पिंपापाशी रंगाऱ्याची बरीचशी मेहनत हवा दूर ठेवण्यात जाते. ढवळायचे ते हळू, बुडबुडे न उठवता, आणि मग गाळ बसू द्यायचा. कापड आधी साध्या पाण्यात भिजवायचे, कारण कोरड्या कापडात हवा अडकलेली असते. पिंपात ते घड्या न पडू देता फिरवायचे. बाहेर काढताना पृष्ठभागाला लागूनच पिळायचे. उंचावरून थेंब टपटपले, तर प्रत्येक थेंब सोबत हवा आत नेतो. मग मात्र कापड पसरायचे, उलटायचे. घडीच्या आत जिथे हवा पोहोचत नाही तिथे पट्टा राहतो.

पिंप बिघडले की रंगाऱ्याला ते पाणी, साय आणि वास यांवरून कळते. पाणी पिवळट हिरव्याऐवजी निळे दिसले, तर नीळ पुरती विरघळलेली नाही, आणि त्यात बुडवलेल्या कापडाचा रंग हाताला लागतो. कुजका, आंबट वास सुटला, तर आंबणे हाताबाहेर गेले. मग चुना घालतात. चुना जास्त झाला, तर जिवाणू मंदावतात, साय धरेनाशी होते. तेव्हा गूळ घालून वाट पाहावी लागते. थंडीत सगळेच सावकाश होते, पण पिंप तापवूनही चालत नाही: अजरखच्या कापडावर चुना आणि डिंकाचा लेप ठशाने उमटवून भुरभुरलेल्या भुशासह वाळवलेला असतो. जिथे लेप तिथे नीळ शिरत नाही आणि पांढरे राखले जाते. गरम पाण्यात हा लेप सुटतो, म्हणून पिंप कोमटच हवे.

गडद निळ्यासाठी कापड खूप वेळ बुडवून ठेवण्याचा उपयोग नाही, असे मला या कामातले सर्वांत महत्त्वाचे तत्त्व वाटते. एका बुडवणीत धागा ठरावीकच नीळ घेतो. ती हवेत पक्की झाल्यावरच पुढचा थर बसतो. म्हणून बुडवायचे, हवा दाखवायची, पुन्हा बुडवायचे. ओल्या कापडाचा निळा वाळल्यावर फिकट होतो, त्यामुळे अनुभवी रंगारी मनातल्या छटेपेक्षा गडद दिसेपर्यंत बुडवतो. शेवटी धुतल्यावर लेप निघतो, वरची सैल नीळ वाहून जाते आणि मग कापड लाल रंगाच्या कढईकडे जाते.

१८९७ मध्ये जर्मन कंपनी बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. तिचा मुख्य रेणू वनस्पतीच्या निळीतलाच, त्यामुळे हवेचा नियमही तोच. आज जीन्सच्या कारखान्यात सूत क्षपण झालेल्या निळीत बुडवतात, उंच रुळांवरून हवेत नेतात आणि पुन्हा बुडवतात. या घाईच्या बुडवण्यांत नीळ धाग्याच्या बाहेरच्या भागातच राहते, गाभा पांढरा उरतो. गुडघ्यावर जीन्स झिजून जिथे पांढरी पडते, तिथे हाच गाभा दिसतो.