तुमची जीन्स काय सांगते? कपडा ‘वाचण्याच्या’ चार पायऱ्या समजून घ्या

ऑनलाइन सेलमध्ये जीन्स घेताना आपण काय पाहतो? रंग, लेबल, मागच्या खिशावरची नक्षी आणि किंमत. फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षाला कपडा वाचायला शिकवतात, तेव्हा क्रम जवळजवळ उलटा असतो. आधी सिल्हूट म्हणजे बाह्याकार, मग कापड, मग बांधणी आणि सगळ्यात शेवटी बारकावे.

बारकावे शेवटी का? कारण नक्कल करायला ते सगळ्यात सोपे असतात. हे तपासायला मी माझीच एक जीन्स घेतली. ऑनलाइन घेतलेली, ‘जुन्या वर्कवेअरसारखी मजबूत’ असं वर्णन असलेली. तिसऱ्या धुण्यानंतर तिच्या डाव्या पायाची बाहेरची शिलाई फिरून नडगीवर आली होती. कपाटातली एखादी जीन्स घ्या आणि सोबत वाचत चला.

पायरी १ : सिल्हूट

जीन्स घालून उजेडाकडे पाठ करून उभे राहा आणि कुणाला तरी समोरून फोटो काढायला सांगा. रंग, खिसे, शिलाई काहीच दिसता कामा नये, फक्त काळी सावली दिसली पाहिजे. आता तीन प्रश्न विचारा. कपडा अंगाला कुठे चिकटतो? कुठे सुटतो? कुठे संपतो?

माझी जीन्स मांडीला चिकटते, गुडघ्यापासून सुटते आणि घोट्यापर्यंत तेवढीच रुंद राहते. म्हणजे ‘स्ट्रेट’. इथे एक चूक हमखास होते. हँगरवर लटकलेला कपडा पाहून सिल्हूट ठरवलं जातं. हँगरवर स्ट्रेट आणि हलकी बेलबॉटम बरीच सारखी दिसतात. फरक गुडघ्याशी आणि घेराशी असतो, म्हणून जीन्स सपाट पसरून दोन्ही ठिकाणची रुंदी मोजा. घेर गुडघ्यापेक्षा मोठा असेल तर ती स्ट्रेट नाही.

पायरी २ : कापड

डेनिमवर तिरप्या रेघा दिसतात. ती ट्विल वीण. नेहमीच्या डेनिममध्ये आडवा धागा तीन उभ्या धाग्यांखालून आणि एकावरून जातो. पुढच्या ओळीत हीच जागा एका धाग्याने सरकते, त्यामुळे रेघ तिरकी होते. उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकट दिसते. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, वरच्या थरातच राहतो. गुडघ्याशी घासून तो थर गेला की आतला पांढरा गाभा दिसतो.

माझ्या जीन्सच्या पिळाचं उत्तरही इथेच सापडलं. तिरप्या विणीत एका बाजूचा ताण साठलेला असतो. धुतल्यावर तो सैल होतो आणि आडवे धागे कलतात, त्यामुळे अख्खा पाय फिरतो. चांगल्या गिरणीत कापडाला शेवटच्या प्रक्रियेत आधीच थोडा तिरकेपणा दिला जातो, म्हणजे धुतल्यावर ते आणखी फिरत नाही. हे काम टाळलं किंवा कमी केलं की पीळ पडतो.

दोष कापडाचा की कटिंगचा, हे कसं ओळखायचं? दोन्ही पाय पाहा. डाव्या पायाची बाहेरची शिलाई पुढे नडगीवर आणि उजव्या पायाची मागे पोटरीवर गेली असेल, तर दोन्ही पाय एकाच दिशेने फिरले आहेत, म्हणजे दोष बहुधा कापडात आहे. एकच पाय फिरला असेल, तर तो तुकडा उभ्या धाग्याला धरून कापला नसावा किंवा शिवताना ओढला गेला असावा. माझ्या जीन्सचे दोन्ही पाय फिरले होते.

या पायरीला मर्यादाही आहे. नवी जीन्स दुकानात सरळच दिसते, पीळ धुतल्यावरच कळतो. धाग्यात पॉलिएस्टर किती, हेही हाताने चाचपून सांगता येत नाही. त्यासाठी आतलं लेबल पाहावं लागतं.

पायरी ३ : बांधणी

आता जीन्स उलटी करा. मांड्यांच्या आतल्या शिलाईवर बाहेरून दोन समांतर टिपा दिसतात. मजबूत जीन्समध्ये दोन्ही तुकड्यांची माया एकमेकीत दुमडून त्यावर दोन टिपा मारलेल्या असतात. त्यामुळे आतूनही कापडाची उघडी कड दिसत नाही आणि धागे सुटत नाहीत. स्वस्त पर्यायात एकाच टिपेने जोडून, कड ओव्हरलॉक करून, वरून फक्त दिसण्यासाठी टीप मारतात. बाहेरून दोन्ही सारख्या वाटतात, आतून लगेच फरक कळतो. माझ्या जीन्समध्ये ओव्हरलॉक निघालं.

पण घाई करू नका. पायाच्या बाहेरच्या बाजूची शिलाई चांगल्या जीन्समध्येही अनेकदा ओव्हरलॉक असते. तो दोष नाही.

मग मागच्या बाजूचा योक पाहा. योक म्हणजे पट्ट्याखालचा व्ही आकाराचा तुकडा. कंबर अरुंद, नितंब रुंद आणि कापड सपाट. ब्लाउजमध्ये अशा ठिकाणी टक्स घेतात. जीन्समध्ये तेच काम योकची जोडशिलाई करते. काही जेगिंग्जमध्ये मात्र सलग कापडावर नुसती व्ही आकाराची टीप मारलेली असते. आतून माया दिसली नाही तर तो योक नाही, चित्र आहे.

पायरी ४ : बारकावे

आता रिव्हेट, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यावरचं तांब्याचं बटणासारखं ठोकण. अमेरिकेतल्या रिनो शहरातले शिंपी जेकब डेव्हिस यांनी हे तंत्र वापरलं आणि लिव्हाय स्ट्रॉस कंपनीसोबत त्याचं पेटंट घेतलं. तारीख होती २० मे १८७३. मजुरांच्या विजारीचे खिसे कोपऱ्यातच का फाटत? हात घातला की सगळा ताण त्या एका टोकावर येतो. रिव्हेट तिथले थर एकत्र आवळून धरतं.

म्हणून खरं रिव्हेट बरोबर कोपऱ्यात असतं आणि खिशात बोट घातलं की त्याची धातूची मागची बाजू लागते. माझ्या जीन्समधली रिव्हेट्स कोपऱ्यापासून अर्धा इंच दूर, एकाच थरावर दाबलेली होती. ती काहीच धरून ठेवत नव्हती.

मागच्या खिशांवर रिव्हेट नाही म्हणून जीन्स हलकी ठरत नाही. खुर्च्या आणि खोगिरं ओरखडतात म्हणून लिव्हायने १९३७ मध्ये ती कापडाखाली झाकली आणि पुढे काढून टाकली. तिथे आता दाट टाक्यांची छोटी पट्टी असते.

चारही पायऱ्या जोडल्यावर

• सिल्हूट : स्ट्रेट, वर्णनाप्रमाणे.
• कापड : ट्विल डेनिम, पण पीळ काढलेला नाही.
• बांधणी : मांडीची शिलाई ओव्हरलॉक, दुसरी टीप दिखाऊ.
• बारकावे : रिव्हेट्स शोभेची.

‘मजबूत वर्कवेअर’ हा दावा पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर, म्हणजे स्क्रीनवरच्या फोटोत दिसणाऱ्या ठिकाणी सांभाळलेला होता. मधल्या दोन पायऱ्या फोटोत दिसत नाहीत. पुढच्या वेळी दुकानात गेलात, तर घालून पाहण्याआधी जीन्स एकदा उलटी करून पाहा.