विकणारा रंग, टिकणारा रंग

हाताने रंगविलेल्या सुती पिशव्या व उशांचे अभ्रे विकणाऱ्या इंदूरच्या एका महिला बचत गटासमोर नुकतेच आम्हांला चार शब्द बोलावे लागले. भगिनींचा प्रश्न सरळ होता : ‘‘कोणते रंग घ्यावेत, म्हणजे माल पडून राहणार नाही?’’ त्या वेळी जे सांगितले, तेच येथे थोडक्यात मांडीत आहोत.

रंग निवडताना आपण सहसा डोळ्यांचे ऐकतो. या गटानेही तेच केले होते. हळदीत बुडवलेल्या पिशव्या सोन्यासारख्या झळकल्या व पहिल्याच दिवशी हातोहात खपल्या. मात्र पुढे गिऱ्हाइके परत आली ती तक्रार घेऊन. पांढऱ्या कपड्यावरील हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि उन्हात घातला की उडून जातो, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? डागाचा जो गुण, तोच रंगाचा दोष. तेव्हा विक्रीचा विचार टिकाऊपणापासून सुरू करावा.

पिवळा हवा असेल, तर डाळिंबाच्या वाळलेल्या साली घ्याव्यात. एक किलो कोरड्या कापडाचा हिशेब असा : प्रथम कापड सोडा व साबण घालून उकळावे आणि खळ पूर्ण काढावी. दीडशे ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवून त्या पाण्यात कापड काही तास बुडवावे व न धुता वाळवावे. सुतावर तुरटी सहज बसत नाही. हिरड्यातील तुरट द्रव्य तिला धरून ठेवते. मग दीडशे ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात कापड रात्रभर ठेवून हलकेच खंगाळावे. शेवटी चारशे ग्रॅम साली तासभर उकळून गाळलेल्या पाण्यात ते पाऊण तास मंद आचेवर ठेवावे.

सालींऐवजी अर्धा किलो मंजिष्ठाची पूड घेतली, की तांबडा रंग येतो. मात्र हे पाणी उकळू देऊ नये; उकळी आली, की तांबड्यावर तपकिरी झाक चढते. पिवळे कापड वीस ग्रॅम हिराकस विरघळविलेल्या पाण्यात दहा मिनिटे बुडविले, तर गडद हिरवट-राखाडी रंग मिळतो. हिराकस वाढवू नये, कारण लोहाने सूत कुजते व पिशवी बंदापाशी फाटते. त्याचे भांडेही वेगळे असावे. लोहाचा अंश लागला तरी तांबडा मळकट होतो. रंगाची कोणतीच भांडी पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत.

याप्रमाणे तीन रंग झाले. एकाच हिरड्याच्या अस्तरावर चढल्यामुळे ते शेजारी ठेवले तरी विजोड दिसत नाहीत. थोड्या रंगांची भीती वाटण्याचे कारण नाही. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातील बाघचे छापकाम मुख्यतः तांबडा व काळा या दोन रंगांवरच ओळखले जाते. तेथेही तांबड्यामागे तुरटी आणि काळ्यामागे लोहच आहे.

माल करण्यापूर्वी प्रत्येक रंगाचा तुकडा पारखावा. अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो आठ दिवस उन्हात ठेवावा. दुसरा तुकडा पांढऱ्या कापडाला टाचून साबणाने धुवावा. झाकलेल्या व उघड्या भागांत ठळक फरक दिसला, किंवा पांढऱ्यावर रंग उतरला, तर तो घाण बाजारात नेऊ नये.

आता विक्री. धरून चला, प्रत्येक रंगाच्या दहा, अशा तीस पिशव्या एकाच आकाराच्या, एकाच किमतीच्या मांडल्या. दोन बाजारांत तांबड्या नऊ, राखाडी सात व पिवळ्या दोन गेल्या. पुढचा घाण तांबड्या पंधरा, राखाडी बारा व पिवळ्या तीन असा करावा. पिवळा अगदी बंद करू नये. त्याच्या शेजारी तांबडा उठून दिसतो व गिऱ्हाईक थबकते. मात्र पहिल्याच बाजारात नऊ तांबड्या खपल्या असतील, तर दुसऱ्यात एकच तांबडी उरली होती व तिला पुरेशी संधी मिळाली नाही, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून विकलेल्या नगांबरोबर ‘मागितला, पण नव्हता’ असाही एक रकाना वहीत असावा.

त्याच वहीत प्रत्येक घाणाचे वजन, वेळ व कापडाचा एक तुकडा डकवून ठेवावा. वनस्पतीचा रंग दर वेळी हुबेहूब तोच येत नाही. म्हणून जोडीचे अभ्रे एकाच घाणात रंगवावेत. गिऱ्हाइकाने ‘असेच आणखी दोन द्या’ म्हटले, की तो तुकडा पुढे करून ‘छटेत थोडा फरक पडेल’ हे आधीच सांगावे.

सभा संपल्यावर एक वृद्ध भगिनी म्हणाल्या, ‘‘म्हणजे उरलेली हळद आता भाजीतच घालायची!’’ आम्हांला याहून नेमके सांगता आले नसते.