आजींची मालिका, नातवंडांचं कार्टून आणि केबलचं बिल

‘इंटरनेट घरात आहेच, मग केबल कशाला?’ शाळकरी मुलं असलेल्या घरांत हा प्रश्न हल्ली हमखास निघतो. मुलांना टीव्हीची ठरलेली वेळ पाळायची सवयच नसते. आजी-आजोबांचं मात्र संध्याकाळी सात ते दहाचं वेळापत्रक पक्कं असतं, आणि केबल तोडायचं ठरलं की पहिली अडचण याच तीन तासांत येते.

मराठी मालिका एका अ‍ॅपवर मिळत नाहीत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर आहेत, झी मराठीच्या झी-फाइव्हवर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. साडेसातची मालिका एका वाहिनीवर आणि आठची दुसरीवर बघणाऱ्या आजींना मध्येच अ‍ॅप बदलावं लागतं. केबलवर हेच काम तीन आकडे दाबून होतं. वर अ‍ॅपमधून कधी आपोआप लॉगआउट होतं, आणि पुन्हा आत शिरायला लागणारा ओटीपी ऑफिसात असलेल्या मुलाच्या मोबाइलवर जातो. दुपारचं पुनःप्रक्षेपण हुकायला तेवढं पुरतं. म्हणून वृद्ध माणसं ज्या टीव्हीसमोर बसतात, तिथली केबल तोडू नये. तिचं बिल मात्र जरूर कमी करावं.

ते करता येतं, हे बऱ्याच घरांना ठाऊक नसतं. २०१९ पासून ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडण्याचा हक्क आहे. बिलाचे दोन भाग असतात. पहिलं जोडणीचं शुल्क. ‘ट्राय’ने ते बरीच वर्षं १३० रुपयांच्या मर्यादेत ठेवलं होतं, २०२४ मध्ये ही मर्यादा काढली, त्यामुळे आपला केबलवाला किती घेतो हे विचारून घ्यावं. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांचा. बुकेत म्हणजे संचात घातलेल्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

समजा, एका घरात झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एवढ्याच सशुल्क वाहिन्या लागतात. प्रत्येकीची किंमत १९ रुपये धरली तरी ५७ होतात. त्यात शुल्काचे १३० मिळवले की १८७, आणि १८ टक्के जीएसटी धरून सुमारे २२१ रुपये. सह्याद्रीसारख्या दूरदर्शनच्या वाहिन्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. याच घराचं बिल चारशेच्या घरात येत असेल, तर कोणी न बघणाऱ्या वाहिन्यांचा बुके त्यात असण्याची शक्यता मोठी. सेट-टॉप बॉक्सच्या गाइडमध्ये प्रत्येक वाहिनीची किंमत दिसते. ती पाहून आठवडाभर कोणी काय बघतं ते कागदावर टिपावं आणि तो कागदच केबलवाल्याच्या हातात द्यावा. ‘पॅकेजच घ्यावं लागतं’ असं उत्तर आलं, तर ते मान्य करू नये.

मुलांसाठी स्ट्रीमिंग खरोखर सोयीचं आहे, पण एका वेळी एकच सेवा पुरते. महिन्याचा प्लॅन घ्यावा आणि परीक्षा आली की थांबवावा. फक्त मोबाइलसाठी असलेला स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही, हे पैसे भरण्याआधी बघावं. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी एक तासही पुरत नाही, त्यामुळे घरात ब्रॉडबँड नसेल तर हा खर्चही हिशेबात धरायला हवा.

सगळ्यात मोठी चूक होते ती प्रोफाइलमध्ये. आईवडील मुलांसाठी ‘किड्स’ प्रोफाइल करतात, पण स्वतःच्या प्रोफाइलला पिन लावत नाहीत. नऊ वर्षांचं मूल मागे जाऊन सरळ मोठ्यांचं प्रोफाइल उघडतं. २०२१ च्या नियमांनुसार या सेवांना यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वयोगटाची खूण द्यावी लागते, आणि १३+ पासून पुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोयही ठेवावी लागते. हे कुलूप घरातल्या मोठ्यांनीच लावायचं असतं. त्याच सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करता आलं, तर तेही करावं. ‘हा एकच भाग’ म्हणणारं मूल मग खरंच तिथे थांबण्याची शक्यता वाढते. टीव्हीवरचं यूट्यूब मात्र या कुलपात येत नाही. त्याची सेटिंग वेगळी करावी लागते.

आजोबांसाठीही स्वतंत्र प्रोफाइल ठेवावं. नाहीतर त्यांच्या जुन्या चित्रपटांच्या यादीत नातवंडांची कार्टून्स मिसळतात आणि त्यांना हवं ते सापडत नाही.

पैसे कापले जाण्याचंही बघायला हवं. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जाणार असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी सूचना येते. कार्ड आजोबांचं असेल तर ती त्यांच्या मोबाइलवर जाते आणि इतर संदेशांत हरवते. वर्गणी घरात जो सूचना वाचतो त्याच्या खात्यावर ठेवावी. यूपीआयवरून घेतली असेल, तर त्याच अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’च्या यादीतून ती बंद करता येते.