सद्भावनेचं कलम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘अधिकाऱ्यानं सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल दावा चालत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. मग कोर्टात जाऊन काय उपयोग?’ हे मी सतत ऐकतो. नोटीस न देता शेड पाडली गेलेला दुकानदार हे म्हणतो, चौकीत मार खाल्लेल्या मुलाचे वडील म्हणतात. चीड येते ती हेच वाक्य एखाद्या वकिलाकडून ऐकलं की. कारण या एका समजुतीपायी माणसं घरी बसतात, मुदत निघून जाते, आणि मग खरोखरच काही करता येत नाही.

कलम मुळातून वाचू. शब्द थोडेफार बदलतात, पण बहुतेक कायद्यांत शेवटाकडे त्याचा आशय असा असतो: या अधिनियमाखाली सद्भावनेनं केलेल्या किंवा करण्याचा उद्देश असलेल्या कृतीबद्दल कोणाविरुद्धही दावा, खटला किंवा इतर कायदेशीर कार्यवाही चालणार नाही. लोक ‘चालणार नाही’ एवढंच लक्षात ठेवतात. न्यायालय मात्र ‘या अधिनियमाखाली’ या शब्दांपासून वाचायला सुरुवात करतं. कृती त्या कायद्याखालची होती का, हा पहिला प्रश्न. तिथेच उत्तर ‘नाही’ आलं, तर अधिकाऱ्याचं मन किती स्वच्छ होतं हे तपासण्याची वेळच येत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुण्याचंच आहे. जकातीच्या काळात शहरात आलेला माल पुन्हा बाहेर गेला की भरलेली जकात परत मिळायची. पुणे महापालिका हा परतावा देताना त्यातून 10 टक्के रक्कम कापून घेत असे. ती परत मिळावी म्हणून महापालिकेवर दावा झाला. महापालिकेनं कलम 487 पुढे केलं. महानगरपालिका अधिनियमातलं हे कलम आजही तसंच आहे. अधिनियमाच्या अंमलबजावणीत केलेल्या, किंवा तशी केल्याचं भासणाऱ्या कृतीबद्दल दावा लावायचा, तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. महापालिकेचं म्हणणं सरळ होतं: कपात आम्ही आमच्या कायद्याखाली केली, सहा महिने उलटून गेले, विषय संपला.

सर्वोच्च न्यायालयानं 1964 साली हे नाकारलं. न्यायालयानं आधी कपातीचा आधार शोधला. अशी वसुली करण्याचा अधिकार अधिनियमात कुठेच नव्हता, उलट कलम 127(4)नं तिला मनाईच केलेली होती. मग ‘अंमलबजावणीत केल्याचं भासणारी कृती’ या सैल शब्दांत तरी ती बसेल का, हेही पाहिलं. उत्तर आलं की कायद्यानं उघड मनाई केलेली गोष्ट त्याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केली, असं कोणालाच म्हणता येत नाही. म्हणून कलम 487 लागू नाही, आणि त्यातली सहा महिन्यांची मुदतही नाही. इथे महापालिकेच्या कारकुनानं पैसे खिशात घातलेले नव्हते. रीतसर नोंद करून, प्रामाणिकपणे कपात झाली असेल. तरीही संरक्षण मिळालं नाही, कारण मुळात अधिकारच नव्हता.

पोलिसांच्या बाबतीत हीच रेषा आणखी ठळक दिसते. मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161मध्ये कर्तव्याच्या मिषानं केलेल्या कृतीबद्दल सहा महिन्यांची मुदत आहे. 1966 साली महाराष्ट्रातली दोन प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. एकात हवालदारावर आरोप होता की लाच घेऊन त्यानं खटला कच्चा केला. दुसऱ्यात कबुलीसाठी कोंडून ठेवून मारहाण केल्याचा आरोप होता. दोन्हींत न्यायालय म्हणालं की कृत्य आणि कर्तव्य यांचा वाजवी संबंध असला पाहिजे. तपास करणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे, पण तपासात मारण्याचा अधिकार कोणताच कायदा देत नाही. तो माणूस पोलीस होता म्हणूनच त्याला मारता आलं, हे खरं असलं तरी तेवढ्यानं मारहाण कर्तव्यात येत नाही.

पण एवढ्यावरून अधिकारी नेहमीच हरतो असं कोणी समजू नये. याच कलमाखाली, त्याआधी काही वर्षं, म्हैसूर राज्यातला एक खटला आला होता. गांजाच्या जप्तीचा खोटा पंचनामा केल्याचा आरोप हवालदारावर होता. तिथे बहुमताचा निर्णय हवालदाराच्या बाजूनं गेला. पंचनामा करणं हे त्याचं कामच होतं, त्यामुळे तो खोटा असला तरी ‘कर्तव्याच्या मिषानं’ केलेला ठरला, आणि सहा महिन्यांची मुदत लागू झाली. मला हा निकाल पटत नाही, पण त्यातली कसोटी नीट समजून घ्यायला हवी. जे काम अधिकाऱ्याच्या हातात कायद्यानं दिलेलं आहे ते त्यानं वाईट रीतीनं केलं, तर संरक्षण मिळण्याची शक्यता असते. जे काम कायद्यानं दिलेलंच नाही ते केलं, तर नाही. दावा याच फरकावर उभा राहतो किंवा पडतो. म्हणून तक्रारीत ‘अधिकाऱ्यानं अन्याय केला’ असं मोघम लिहू नका. कोणत्या कलमाखालच्या कोणत्या अधिकारात ती कृती बसत नाही, ते लिहा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘हे कलम असलं की उच्च न्यायालयातही जाता येत नाही.’ साफ चूक. अनुच्छेद 226 राज्यघटनेतला आहे, साध्या कायद्यातल्या कलमानं तो बंद होत नाही. कोठडीतल्या मृत्यूबद्दल रिट अधिकारक्षेत्रात भरपाई देता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1993 साली नीलबती बेहरा प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

‘सरकारची मंजुरी आली नाही की फौजदारी खटला कायमचा अडकतो.’ नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218नुसार सरकारनं 120 दिवसांत निर्णय घ्यायचा आहे. तो घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं मानलं जातं.

‘अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशाला कधीच झळ लागत नाही.’ पाडकामांबाबत सर्वोच्च न्यायालयानं 13 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेले निर्देश वाचा. ठरवून दिलेली नोटीस आणि प्रक्रिया डावलून बांधकाम पाडलं, तर जबाबदार अधिकाऱ्यानं ते स्वखर्चानं पूर्ववत करून द्यायचं, शिवाय नुकसानभरपाई वेगळी.

‘मग प्रामाणिक चूक करणाराही अडकतो.’ नाही. अधिकार होता, तो वापरताना मन स्वच्छ होतं आणि तरी चूक झाली, तर हे संरक्षण त्याच्यासाठीच आहे, आणि ते असायलाच हवं. धोकादायक इमारत रिकामी करताना दर पावलावर दाव्याची भीती वाटली, तर अधिकारी पाऊलच उचलणार नाही.

आता ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी. तुमच्या प्रकरणात संरक्षक कलम लागू होत नाही, अशी तुमची कितीही खात्री असली, तरी त्याच्या भरवशावर मुदत जाऊ देऊ नका. म्हैसूरच्या खटल्यात काय झालं ते वर आलंच आहे. महापालिकेविरुद्ध असेल तर कलम 487ची लेखी नोटीस लगेच द्या, पोच जपून ठेवा, महिना झाला की सहा महिने पुरे होण्याआधी दावा दाखल करा. कलम लागू नाही हा मुद्दा त्याच दाव्यात मांडता येतो. मुदत गेली आणि न्यायालयानं कलम लागू आहे असं ठरवलं, तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी ती ऐकली जाणार नाही.