शून्य खर्चाच्या कुंपणाची किंमत

समजा, सोलापुरातल्या एका टॉवेल कारखानदाराला तीन महिन्यांनी 1 लाख डॉलर मिळायचे आहेत. आज डॉलर 85 रुपयांना आहे. सूत, रंगाई आणि मजुरी यांचा हिशेब त्याने 84 रुपयांचा दर धरून केला आहे. दर 83 वर आला, तर ऑर्डर तोट्यात जाते.

बँकेशी फॉरवर्ड केला तर 85.40 हा दर आजच पक्का होतो. पण पुढे डॉलर चढला, तर त्यातलं काहीच हाती लागत नाही. दुसरी वाट पुट ऑप्शनची. 84.80 ला डॉलर विकण्याचा हक्क विकत घ्यायचा. मात्र त्यासाठी डॉलरमागे, समजा, 25 पैसे प्रीमियम, म्हणजे 25 हजार रुपये आधीच मोजावे लागतात.

हेच पैसे वाचवायला कॉलर करतात. बँकांमध्ये याला रेंज फॉरवर्डही म्हणतात. कारखानदार 84.80 चा पुट घेतो आणि त्याच रकमेचा, त्याच तारखेचा 86.10 चा कॉल बँकेला विकतो. कॉलचेही 25 पैसेच येतात, त्यामुळे दोन्ही प्रीमियमची फिटंफाट होते.

मुदतीच्या दिवशी डॉलर 83 ला असेल, तर तो पुट वापरतो. 83 लाखांऐवजी 84.80 लाख रुपये मिळतात. 85.50 असेल, तर दोन्ही ऑप्शन निकामी ठरतात आणि डॉलर बाजारभावाने विकले जातात. 88 असेल, तर बँक कॉल वापरते. त्याला 86.10 नेच डॉलर द्यावे लागतात, आणि 1.90 लाखांवर पाणी सोडावं लागतं. शून्य खर्चाची किंमत ती हीच.

खरी अडचण येते ती ऑर्डर रद्द झाल्यावर. विकत घेतलेला पुट हा हक्क आहे, सोडून दिला तरी चालतो. विकलेला कॉल मात्र बांधिलकी आहे. डॉलर 88 ला असताना परदेशातून पैसेच आले नाहीत, तर बाजारातून 88 ने घेऊन 86.10 ने द्यायचे, म्हणजे 1.90 लाख खिशातून. म्हणून संपूर्ण ऑर्डरवर कॉलर करू नये. जेवढी रक्कम नक्की येणार, तेवढ्यावरच करावी.

बँकेचा नफा या दोन दरांतच दडलेला असतो. तो ओळखायचा तर पुट आणि कॉल यांचे प्रीमियम वेगवेगळे विचारावेत, आणि दुसऱ्या बँकेकडूनही दर घ्यावेत. तळ तोच ठेवून एका बँकेने 86.10 ऐवजी 85.80 चंच छप्पर दिलं, तर मधले 30 पैसे कुठे गेले, हे विचारायलाच हवं.

‘छप्पर आणखी वर नेऊन देतो, फक्त कॉल दुप्पट रकमेचा विका,’ असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबावं. डॉलर येणार 1 लाख आणि द्यायचे 2 लाख. मग ते कुंपण राहत नाही, सट्टा होतो.